हजर आणि वायदा भावातली तफावत: उधारीची भूक मोजायची कशी? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ही प्रश्नोत्तरं एनएसईवरच्या शेअर फ्युचर्सपुरती आहेत, म्हणजे ठरलेल्या तारखेला आज ठरलेल्या भावाने शेअर घेण्या-देण्याच्या करारांपुरती. सोनं, रुपया किंवा शेतमालाच्या वायद्यांत साठवणूक, हंगाम, परकीय व्याजदर असे वेगळे घटक येतात, त्यामुळे इथला हिशोब तिथे जसाच्या तसा लावू नये.

फ्युचरचा भाव शेअरच्या भावापेक्षा जास्त असेल, तर बाजाराला शेअर वर जाईल असं वाटतं, बरोबर ना?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो, म्हणून सुरुवात इथून.

समजा एक शेअर आज हजर बाजारात १,००० रुपयांना मिळतो आहे आणि त्याच शेअरचं चालू महिन्याचं फ्युचर १,००९ रुपयांना. एक्स्पायरीला, म्हणजे तो करार संपायला, २८ दिवस आहेत. या नऊ रुपयांत भविष्यवाणी काहीच नाही. २८ दिवसांनी शेअर १,००९ होईल अशी खात्री कुणाला असती, तर त्याने आजच १,००० ला शेअर उचलला असता, आणि भाव आजच वर गेला असता. वर जाण्याची आशा किंवा खाली येण्याची भीती हजर भावात आधीच मुरलेली असते.

नऊ रुपये हे व्याज आहे. शेअर विकत घेणारा पूर्ण १,००० रुपये आज मोजतो. फ्युचर घेणारा त्याच्या साधारण पाचवा हिस्सा मार्जिन म्हणून ठेवतो, पण नफा-तोटा मात्र पूर्ण १,००० रुपयांच्या शेअरचा भोगतो. उरलेले पैसे त्याच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी गुंतवलेले असतात, आणि त्या माणसाला त्याचा मोबदला हवा असतो. प्रीमियम म्हणजे तो मोबदला. म्हणून प्रीमियम वाढला की त्याचा पहिला अर्थ असा घ्यायचा: उधारीवर शेअर धरून ठेवण्यासाठी लोक जास्त व्याज द्यायला तयार झाले आहेत.

पण मी फ्युचर घेतो तेव्हा मला कर्ज देतं कोण? मी तर कुठल्याच कागदावर सही केलेली नाही.

कर्जदाता समोरच्या बाजूला असतो, फ्युचर विकणाऱ्याच्या रूपात. तो एकाच वेळी दोन सौदे करतो: हजर बाजारात १,००० ला शेअर घेऊन डिमॅटमध्ये ठेवतो आणि १,००९ ला फ्युचर विकतो. एक्स्पायरीला दोन्ही भाव एकत्र येणारच असतात. शेअर १,२०० झाला काय किंवा ८०० झाला काय, त्याच्या हातात नऊ रुपये पडतात. शेअरशी त्याला देणंघेणं नाही. त्याने पैसे व्याजाने लावले आहेत आणि शेअर तारण म्हणून जवळ ठेवला आहे, एवढंच.

आपल्याकडे हे काम करणारे मोठे खेळाडू म्हणजे म्युच्युअल फंडांच्या आर्बिट्राज योजना आणि ब्रोकरांची स्वतःची खाती. एनएसई रोज संध्याकाळी कोणत्या गटाचे किती खरेदीचे आणि किती विक्रीचे सौदे उभे आहेत याचा तक्ता प्रसिद्ध करते. त्यातला शेअर फ्युचर्सचा रकाना पाहा. देशी संस्था तिथे सहसा भल्यामोठ्या निव्वळ विक्रीच्या बाजूला दिसतात आणि ‘क्लायंट’ नावाचा गट, म्हणजे तुम्ही-आम्ही आणि बडे व्यक्तिगत ट्रेडर, निव्वळ खरेदीच्या बाजूला. तो आकडा वाचून ‘म्युच्युअल फंड मंदीत आहेत’ असं लिहिणारे पाहिले की मला फार वाईट वाटतं, कारण नवा माणूस ते खरं मानतो. त्या विक्रीमागे तेवढेच शेअर घेऊन ठेवलेले असतात. ती सावकाराची वही आहे.

टक्केवारी काढायची कशी?

तफावतीला हजर भावाने भागा, आणि उरलेल्या दिवसांवरून वर्षाचा दर काढा. एक्सेलमध्ये एवढंच:

```
=(F-S+D)/S*365/T
```

अक्षरांच्या जागी आपल्या सेलचे पत्ते घाला. यात `F` म्हणजे फ्युचरचा भाव, `S` हजर भाव, `T` एक्स्पायरीपर्यंतचे दिवस (सुट्ट्या धरून) आणि `D` म्हणजे त्या दिवसांत मिळणारा डिव्हिडंड. डिव्हिडंडबद्दल खाली सविस्तर आहे. सध्या तो शून्य धरू.

आपल्या उदाहरणात नऊ भागिले हजार म्हणजे ०.९ टक्के, २८ दिवसांसाठी. वर्षाला ते ११.७ टक्के होतात.

हाच आकडा फ्युचर घेणाऱ्याच्या खिशातून पाहू. लॉट ५०० शेअरचा असेल तर सौदा ५,०४,५०० रुपयांचा झाला आणि वीस टक्क्यांनी मार्जिन सुमारे एक लाख. प्रीमियम ५०० गुणिले ९, म्हणजे ४,५०० रुपये. शेअर जागचा हललाच नाही, तर चार आठवड्यांत हे साडेचार हजार गेले. त्याच्या स्वतःच्या एक लाखावर तो साडेचार टक्क्यांचा खर्च आहे, तोही एका महिन्यात. एवढा खर्च सोसून लोक सौदा उभा ठेवतात तेव्हा त्यांना शेअर लवकर आणि बराच वर जायला हवा असतो. उधारीची भूक म्हणतात ती हीच.

किती टक्के म्हणजे ‘जास्त’?

एकटा आकडा काही सांगत नाही, तो जोखीममुक्त व्याजाशेजारी ठेवावा लागतो. मी ९१ दिवसांच्या ट्रेझरी बिलाचा दर घेतो. रिझर्व्ह बँक दर आठवड्याला त्याचा लिलाव करते, त्यामुळे आकडा ताजा मिळतो. तो सहा टक्के असेल, तर आपल्या ११.७ मधले जवळपास पावणेसहा टक्के वरचे उरतात. मोजायचं असतं ते हे वरचं. दर दहाचे असताना अकरा टक्के प्रीमियम थंड असतो; दर चारचे असताना तोच आकडा तापलेला.

मात्र वरचं सगळंच भुकेचं नसतं. सावकारालाही खर्च आहे. शेअरची डिलिव्हरी घेताना ०.१ टक्का एसटीटी आणि विकताना पुन्हा तेवढाच. दर महिन्याला शेअर घेऊन महिनाअखेर विकला, तर या एकाच करापायी वर्षाचे २.४ टक्के जातात. म्हणून मुरलेले आर्बिट्राजवाले शेअर विकतच नाहीत. तो डिमॅटमध्ये पडून राहतो आणि ते फक्त फ्युचरची विक्री पुढच्या महिन्यात सरकवतात. शिवाय फ्युचर विकण्यासाठी मार्जिन अडकतं, शेअर वर गेला तर रोजच्या रोज तोटा रोखीत भरावा लागतो. हे सगळं धरून शांत बाजारातही प्रीमियम ट्रेझरी बिलाच्या थोडा वर राहणं स्वाभाविक आहे.

वरच्या बाजूलाही एक सैल छप्पर आहे. ब्रोकर मार्जिन ट्रेडिंग फॅसिलिटी देतात, त्यात सरळ व्याजाने शेअर घेता येतो. फ्युचरमधलं व्याज त्या दरापेक्षा बरंच वर गेलं, तर शहाणा माणूस तिकडे वळतो. तरीही प्रीमियम वरच टिकला, तर फ्युचरमधल्या कमी मार्जिनसाठी, म्हणजे जास्त पटीच्या उधारीसाठी, लोक जादा मोजत आहेत असं समजायचं.

हे सगळं नवीनच आहे का? आमचे आजोबा ‘बदला’ म्हणायचे तो हाच प्रकार का?

आत्मा तोच, शरीर वेगळं. मुंबईच्या शेअर बाजारात तेजीवाल्याला सेटलमेंटच्या वेळी पैसे भरून शेअर उचलायचा नसला की तो सौदा पुढे ढकलायचा. त्याच्या जागी बदला फायनान्सर पैसे भरायचा आणि त्याबद्दल व्याज घ्यायचा. त्या व्याजाला बदला म्हणत. शनिवारी बदल्याचं सत्र असायचं आणि कोणत्या शेअरला किती बदला लागला यावरून कुठे तेजीवाल्यांची गर्दी झाली आहे हे जाणकार ओळखायचे. मंदीवाल्यांची गर्दी जास्त झाली आणि द्यायला शेअरच कमी पडले, तर उलटं व्हायचं: मंदीवाला तेजीवाल्याला पैसे द्यायचा. तो उंधा बदला.

म्हणजे उधारीच्या भुकेचा भाव त्या काळी वेगळा, उघडपणे ठरत होता. सेबीने २ जुलै २००१ पासून बदला बंद केला आणि त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला एनएसईवर ३१ शेअरचे फ्युचर्स सुरू झाले. तेव्हापासून ते व्याज फ्युचरच्या भावात मिसळून गेलं. वर दिलेलं सूत्र एवढंच करतं की ते व्याज पुन्हा वेगळं काढून दाखवतं.

प्रीमियम नऊ रुपयांवरून एक रुपयावर आला. म्हणजे भूक मेली का?

दिवस किती उरले ते आधी पाहा. एक्स्पायरीला तीन दिवस असताना हजारावर एक रुपया म्हणजे वर्षाला बारा टक्के. नऊ रुपयांच्या वेळी दर ११.७ होता, म्हणजे भूक जागची हलली नाही. रुपयांतला प्रीमियम रोज झिजतच असतो. त्यावरून ‘प्रीमियम घटला’ अशी बातमी करणं म्हणजे महिनाअखेरीला पगार संपत आला म्हणून पगारकपात झाली असं म्हणण्यासारखं आहे.

आणि शेवटच्या तीन-चार दिवसांत टक्केवारीवरही फार विसंबू नका. तीन दिवस उरले असताना फ्युचरचा भाव नुसता पन्नास पैशांनी इकडे-तिकडे झाला, तरी वार्षिक दर सहा टक्क्यांनी हलतो. एवढा फरक खरेदी-विक्रीच्या बोलींमध्येच असतो. तेव्हा पुढच्या महिन्याच्या फ्युचरकडे नजर वळवावी.

फ्युचर हजर भावाच्या खाली आहे, पण शेअर तर चांगला चालला आहे. हे कसं?

बहुतेक वेळा उत्तर डिव्हिडंड असतं. शेअर धरणाऱ्याला डिव्हिडंड मिळतो, फ्युचर धरणाऱ्याला नाही. एक्स्पायरीच्या आत शेअर एक्स-डिव्हिडंड होणार असेल, तर तेवढी रक्कम फ्युचरच्या भावातून आधीच वजा झालेली असते.

हजर भाव १,०००, फ्युचर ९९९, दिवस २८, आणि मधे सहा रुपयांचा डिव्हिडंड आहे असं धरा. वरवर एक रुपयाचा डिस्काउंट दिसतो. सहा मिळवले की पाच रुपयांचा प्रीमियम निघतो, वर्षाला साडेसहा टक्के. अगदी सर्वसाधारण स्थिती आहे ही, भीतीचा मागमूस नाही.

आपल्याकडे मे ते ऑगस्ट हा डिव्हिडंडचा मोसम, आणि दर वर्षी त्याच काळात ‘फ्युचर्स डिस्काउंटमध्ये, बाजार सावध’ असे मथळे येतात. डिव्हिडंड फार मोठा असेल तर एक्स्चेंज फ्युचरच्या भावातच दुरुस्ती करते, मग `D` धरायचा नाही. ही मर्यादा २०२२ पासून शेअरच्या भावाच्या दोन टक्के आहे. त्याखालचा डिव्हिडंड मात्र आपल्याला हातानेच मिळवावा लागतो.

महिन्यात कोणत्या दिवशी पाहावं?

रोलओव्हरच्या आठवड्यात. उधारीवाल्याला त्या दिवसांत ठरवावंच लागतं: सौदा कापायचा की पुढच्या महिन्याचं व्याज मोजून पुढे न्यायचा. एरवी तो नुसता बसून राहू शकतो. इथे त्याला पुन्हा नव्याने कर्ज घ्यावं लागतं. म्हणून दोन महिन्यांच्या फ्युचर्समधला फरक हे मला सगळ्यात स्वच्छ माप वाटतं. त्यात हजर भाव येत नाही, आणि हा फरक थेट एकाच सौद्याच्या रूपात विकला-घेतला जातो.

चालू महिन्याचं फ्युचर १,००१ आणि पुढचं १,०१०.५० आहे. साडेनऊ रुपये. आता इथे एक खड्डा आहे, आणि त्यात मीही पडलो आहे. दोन एक्स्पायरींमधलं अंतर कधी २८ दिवस असतं, कधी ३५. एनएसईची मासिक एक्स्पायरी सप्टेंबर २०२५ पासून महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी असते, त्याआधी ती गुरुवारी असे. वार कोणताही असो, काही महिन्यांत मधे पाच आठवडे येतातच. २८ दिवस असतील तर साडेनऊ रुपये म्हणजे वर्षाला १२.४ टक्के. ३५ असतील तर ९.९. पहिला आकडा तापलेला, दुसरा कोमट. दर महिन्याला डोळे झाकून बाराने गुणत गेलो, तर पाच आठवड्यांच्या महिन्यात दर वेळी भूक वाढल्याचा भास होतो. माझ्या वहीत अशी तीन-चार ‘शिखरं’ होती. दिवस मोजल्यावर ती सपाट झाली.

‘रोलओव्हर ९२ टक्के झाला’ ही बातमी वेगळी गोष्ट सांगते. किती सौदे पुढे गेले ते त्यातून कळतं, किती व्याज मोजून गेले ते कळत नाही. नव्वद टक्के रोलओव्हर कमी व्याजाने झाला तर सावकारांना पैसे लावायला जागा हवी होती. तोच चढ्या व्याजाने झाला तर कर्जदारांना सौदा सोडवत नव्हता.

प्रीमियम कमी झाला म्हणजे लोकांनी उधारी कमी केली, असं म्हणता येईल का?

नेहमी नाही. हे माप वापरताना सगळ्यात मोठी चूक इथे होते.

प्रीमियम हा व्याजाचा भाव आहे, आणि कोणत्याही भावाप्रमाणे तो दोन बाजूंनी ठरतो. मागणी तेजीवाल्यांची, पुरवठा आर्बिट्राजवाल्यांचा. मागणी तेवढीच राहिली आणि पैसे लावणारे वाढले, तर व्याज उतरतं. भारतात हे घडताना आपण पाहिलं आहे. १ एप्रिल २०२३ पासून नव्या डेट फंड गुंतवणुकीचा दीर्घ मुदतीचा करलाभ गेला. आर्बिट्राज फंडांना मात्र इक्विटी फंडांसारखाच कर लागतो. साहजिकच, चार पैसे सुरक्षित ठेवू पाहणाऱ्यांचा ओघ तिकडे वळला. ते सगळे पैसे शेअर घेऊन फ्युचर विकायलाच येतात. अशा वेळी प्रीमियम दबलेला दिसतो, पण त्याच स्वस्त व्याजावर उभी राहिलेली उधारी मोठी असू शकते.

म्हणून भावाबरोबर माल मोजायचा. इथे माल म्हणजे ओपन इंटरेस्ट, अजून न मिटलेले उभे सौदे. तो रुपयांत मोजू नका, शेअरच्या संख्येत मोजा, नाहीतर शेअर वर गेला की ओपन इंटरेस्ट आपोआप फुगलेला दिसतो.

प्रीमियमचा दर आणि ओपन इंटरेस्ट दोन्ही वर जात असतील, तर भूक खरोखर वाढते आहे. कर्जदार जास्त व्याज देऊन जास्त कर्ज घेत आहेत. दर उतरतो आहे पण ओपन इंटरेस्ट वाढतो आहे, तर एकतर पुरवठा वाढला आहे किंवा नवे मंदीवाले विकत आहेत. कोणतं ते ओळखायला हजर बाजारातली डिलिव्हरी पाहावी: आर्बिट्राजवाला शेअर उचलतो, मंदीवाला उचलत नाही. आणि दोन्ही एकत्र कोसळले, तर उधारीचे सौदे कापले जात आहेत.

तापलेला प्रीमियम उतरतो तेव्हा नक्की काय होतं? एक उदाहरण द्याल?

तेच १,००० चं उदाहरण पुढे नेऊ. आकडे काल्पनिक आहेत, पण क्रम मी अनेकदा पाहिलेला आहे.

शेअर वर चढत असताना रोलओव्हरचा दर आधी सात टक्के होता, पुढच्या महिन्यात नऊ, आता बारा. ओपन इंटरेस्टही दर महिन्याला वाढला. म्हणजे नवे लोक वरच्या भावात आणि जास्त व्याजात आले. मग एका सकाळी निकाल जरा फिका लागतो आणि दोन दिवसांत हजर भाव ९२० होतो. आठ टक्के.

फ्युचरवाल्याचं नुकसान मात्र आठ टक्क्यांवर थांबत नाही. भीतीने नवा तेजीवाला येत नाही, जुने विकू लागतात, आणि प्रीमियम नऊ रुपयांवरून दोनवर येतो. फ्युचर १,००९ वरून ९२२. एका लॉटवर ८७ गुणिले ५००, म्हणजे ४३,५०० रुपये. मार्जिन होतं एक लाख. जवळपास निम्मं संपलं आणि ते रोखीत भरायचं आहे. जो भरू शकत नाही त्याचा सौदा ब्रोकर कापतो, त्या विक्रीने फ्युचर आणखी खाली जातं, आणि पुढच्या माणसाचं मार्जिन संपतं.

आता सावकाराकडे पाहा. फ्युचर हजर भावाच्या जवळ किंवा खाली आलं की त्याचा महिन्याभराचा नफा एका दिवसातच हातात येतो. तो फ्युचर परत घेतो आणि डिमॅटमधला शेअर विकून टाकतो. या एका कृतीने फ्युचर बाजारातली घबराट हजर बाजारात उतरते. उधारीवर कधीच हात न लावलेल्या माणसाचा शेअरही त्या दिवशी पडतो तो यामुळे. एखाद्या शेअरमध्ये ‘काही बातमी नसताना’ डिलिव्हरीसह जोरदार विक्री आणि ओपन इंटरेस्टमध्ये मोठी घट एकत्र दिसली, तर बहुधा हेच चाललेलं असतं.

मग डिस्काउंट म्हणजे उधारीची ‘उणे’ भूक का?

तसं म्हणता येत नाही, कारण दोन्ही बाजू सारख्या नाहीत. प्रीमियम फार वाढला तर पैसे असलेला कुणीही शेअर घेऊन फ्युचर विकू शकतो. डिस्काउंट मिटवायला शेअर विकून फ्युचर घ्यावं लागतं, आणि त्यासाठी शेअर आधीच जवळ हवा किंवा उसना मिळायला हवा. शेअर उसने देण्या-घेण्याची व्यवस्था आपल्याकडे एप्रिल २००८ पासून आहे, पण तिथली उलाढाल अजून तुटपुंजी आहे. म्हणून डिस्काउंट मिटायला वेळ लागतो आणि तो ज्या खोलीपर्यंत जातो तितकी प्रीमियमची उंची सहसा जात नाही.

डिव्हिडंड वजा करूनही उरलेला डिस्काउंट जुनी उधारी घाईने कापली जात असल्याचं, किंवा शेअर न विकता फ्युचर विकून विमा उतरवला जात असल्याचं सांगतो. मार्च २०२० मध्ये दोन्ही एकत्र आलं. २३ मार्चला निफ्टी जवळपास १३ टक्के पडला आणि त्या काळात फ्युचर्स हजर भावाखाली मिळत होते. तेव्हा आर्बिट्राज फंडांना पुढच्या महिन्यासाठी लावायला धड प्रीमियमच उरला नव्हता. कर्ज घेणाराच नसेल तर सावकाराने व्याज मागायचं कुणाकडे?

निफ्टी फ्युचर पाहिलं तर चालणार नाही का? एकच आकडा, सोपा.

चालेल, पण त्यात आवाज जास्त आणि गाणं कमी. निफ्टी फ्युचरमध्ये परदेशी संस्था आपल्या शेअरचा विमा म्हणून विक्री करतात आणि तिची उलाढाल इतकी मोठी असते की प्रीमियमवर तिचीच छाप पडते. पन्नास कंपन्यांचे डिव्हिडंड वेगवेगळ्या तारखांना येतात, तेही वजा करत बसावं लागतं. उधारीची हौस वैयक्तिक शेअरच्या फ्युचर्समध्ये दिसते, विशेषतः मधल्या आकाराच्या कंपन्यांत. मी वीस-पंचवीस शेअरचा रोलओव्हरचा दर काढतो आणि मधला आकडा घेतो. सरासरी घेत नाही, कारण एखादा विचित्र शेअर तिला ओढून नेतो.

विचित्र शेअर म्हणजे?

ज्यांच्यात तफावत उधारीमुळे पडलेली नसते ते. तीन प्रकार वारंवार भेटतात.

एक, बंदीतला शेअर. ओपन इंटरेस्ट बाजारव्यापी मर्यादेच्या ९५ टक्क्यांपुढे गेला की नवे सौदे वाढवता येत नाहीत. सावकारालाही येता येत नाही, त्यामुळे तफावत वाढली तरी मिटवणारा कुणी नाही. बंदी उठेपर्यंत तो शेअर बाजूला ठेवावा.

दोन, बायबॅक किंवा ओपन ऑफर आलेला शेअर. कंपनीला किंवा ऑफर देणाऱ्याला शेअर विकण्याचा हक्क शेअर धरणाऱ्याला आहे, फ्युचर धरणाऱ्याला नाही. त्या हक्काची किंमत हजर भावात असते, म्हणून फ्युचर खाली दिसतं.

तीन, शिळा भाव. पुढच्या महिन्याच्या फ्युचरमध्ये शेवटचा सौदा दोन वाजता झाला असेल आणि हजर भाव साडेतीनचा घेतला, तर निघणारा प्रीमियम हा नुसता दीड तासाचा फरक असतो. बंद भावातही खोट आहे: हजर बाजाराचा बंद भाव वर्षानुवर्षे शेवटच्या अर्ध्या तासाची सरासरी म्हणून काढला गेला आहे, त्याला फ्युचरच्या शेवटच्या सौद्याशी ताडलं की शेवटच्या मिनिटांत धावलेल्या शेअरमध्ये भलताच दर निघतो. शक्य तेव्हा दोन्हीकडच्या बोली एकाच क्षणाच्या घ्याव्यात.

यावरून बाजार कधी पडेल हे कळतं का?

नाही. बाजार पडला तर किती वेगाने आणि कुठे पडेल, याचा अंदाज येतो. दर महिनोन् महिने चढा राहू शकतो आणि तोवर शेअर वर जात राहतो. चढ्या दरावर विसंबून मंदीचा सौदा करणाऱ्याला तेजीवाल्यांकडून रोज थोडं व्याज मिळतं खरं, पण शेअर वीस टक्के वर गेला की ते व्याज कुठल्या कुठे वाहून जातं. मी याचा उपयोग स्वतःचं ओझं ठरवण्यापुरता करतो. दर आणि ओपन इंटरेस्ट दोन्ही वर असलेल्या शेअरमध्ये मी फ्युचर धरत नाही. हवा असेल तर पूर्ण पैसे भरून शेअर घेतो आणि नेहमीपेक्षा कमी घेतो.

आणखी एक मर्यादा: उधारी फक्त फ्युचरमध्ये नसते. ऑप्शन, मार्जिन फंडिंग, शेअर तारण ठेवून काढलेलं कर्ज, हे सगळं या मापाच्या बाहेर राहतं.

आकडे फुकट मिळतात का?

हो. एनएसईच्या संकेतस्थळावर रोजची एफ अँड ओ भावकॉपी असते. तिच्यात `TckrSymb` शेअरचं नाव, `XpryDt` एक्स्पायरी, `ClsPric` फ्युचरचा बंद भाव, `UndrlygPric` हजर भाव आणि `OpnIntrst` ओपन इंटरेस्ट. एवढे पाच रकाने पुरतात. एक्स्पायरीच्या आधीचे चार दिवस रोज संध्याकाळी दोन महिन्यांचे भाव उतरवून घ्यायचे, मधले दिवस मोजायचे, डिव्हिडंडच्या तारखा पाहायच्या, शेजारी त्या आठवड्याचा ट्रेझरी बिलाचा दर लिहायचा. एका शेअरला पाच मिनिटं लागतात. सहा महिन्यांची पानं भरली की त्या शेअरचा नेहमीचा दर कोणता हे तुम्हाला स्वतःलाच कळू लागतं, आणि तो मोडला की पान उलटतानाच नजरेत भरतो.